रात्री सव्वादोनचा फोन

नमस्कार श्रोतेहो. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते. त्यातल्या रात्री किती, ते मोजायचं सोडून दिलं. आज एका फोनबद्दल बोलणार आहे. वॉर्डातल्या पेशंटची तब्येत रात्री बिघडायला लागते आणि सिस्टर ऑन-कॉल डॉक्टरांना फोन करते, तो फोन.

हा फोन कसा करायचा याची एक रीत आहे. तिला एसबार म्हणतात. एस, बी, ए, आर अशी चार अक्षरं. ही रीत अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली. पुढे तिकडच्याच कोलोरॅडो राज्यात कैसर परमनन्टे या आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी ती दवाखान्यात आणली. आपल्या भाषेत चार अक्षरांचे चार प्रश्न होतात. आत्ता काय झालंय? आधी काय होतं? मला काय वाटतंय? आणि मला काय हवंय? पुन्हा सांगते, कागद-पेन्सिल नसेल तर बोटांवर मोजा. काय झालंय, काय होतं, काय वाटतंय, काय हवंय. रीत एवढीच. ती कळायला पाच मिनिटं पुरतात. मला मात्र कळूनही वळली नव्हती, त्याची गोष्ट ऐका.

पंधराएक वर्षं झाली असतील. ऑक्टोबर महिना, पाऊस नुकताच सरलेला, वॉर्ड डेंग्यूने भरलेला. खाटा संपल्या म्हणून जमिनीवर गाद्या टाकलेल्या. तीसच्या वर पेशंट आणि रात्रीला मी एकटी. सोबत एक मावशी. बारा नंबरच्या खाटेवर अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा होता, दूध डेअरीत कामाला. तापाचा पाचवा दिवस. संध्याकाळी सहाला त्याचा ताप उतरला. बायको इतकी खुश झाली की घरी फोन करून म्हणाली, उद्या सोडतील. मीही मान डोलावली.

इथे थोडं थांबते. डेंग्यूत ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही डोळे उघडे ठेवायचे असतात. ताप उतरतो त्या सुमाराला काही पेशंटमध्ये रक्तातलं पाणी बारीक नळ्यांमधून बाहेर झिरपायला लागतं. हा धोक्याचा काळ साधारण एक ते दोन दिवसांचा असतो. तेव्हा नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसलं तर फसगत होते. बाई गं, त्या प्लेटलेट! नातेवाईक शेअर बाजाराचा भाव विचारावा तसे दर चार तासांनी प्लेटलेट विचारायचे. पपईच्या पानांचा रस स्टीलच्या डब्यात घालून यायचे. मला कोणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही, पण ज्याला पाण्याचा घोट ठरत नाही त्याला तो कडू रस पाजणारे लोक मी पाहिलेत. असो.

रात्री दहाला मी त्याला पाहिलं. नाडी 92, बीपी 110 आणि 70. ठीक होतं. दोनच्या फेरीला गेले तर तो कुशी बदलत होता. बायको म्हणाली, "सिस्टर, दोनदा उलटी झाली. पोट दुखतंय म्हणतात. सारखे उठून बसतात." हात लावला तर तळवे गार. सीलिंग पंख्याखाली झोपलेला माणूस गार लागतोच, असं पहिल्यांदा मनात आलं. तरी बीपी घेतलं. 100 आणि 82. नाडी 118.

आणि मी फोन केला. त्या फोनवर काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतंय, कारण अजून लाज वाटते. "सर, सॉरी हं, झोपमोड केली. तो बारा नंबर जरा बरा वाटत नाहीये. अस्वस्थ आहे. तुम्ही बघता का?"

डॉक्टर तरुण होते, सलग दुसरी रात्र जागत होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. ताप आहे? नाही सर. बीपी किती? वरचं 100. प्लेटलेट? संध्याकाळचे 62 हजार. "मग उलटीचं इंजेक्शन द्या, सकाळी राउंडला बघतो." फोन बंद.

श्रोतेहो, माझी तिन्ही उत्तरं खरी होती. एकही खोटं नव्हतं. पण तीन खऱ्या उत्तरांतून त्यांच्यासमोर जो पेशंट उभा राहिला, तो बरा होत चाललेला होता. खाटेवरचा पेशंट वेगळाच होता.

शेजारच्या वॉर्डात एक सीनियर सिस्टर होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. त्या आमच्याकडे सलाइनचा सेट मागायला आल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी चार्ट घेतला, बीपीच्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, वजाबाकी कर."

100 वजा 82. अठरा.

हे नीट ऐका. बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यात एरवी तीस-चाळीसचं अंतर असतं. दहा वाजता त्याचं चाळीस होतं, दोन वाजता अठरा झालं. रक्तातलं पाणी कमी झालं की शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतं. त्यामुळे खालचा आकडा वर सरकतो आणि वरचा बराच वेळ शहाण्यासारखा जागेवर राहतो. अंतर वीस किंवा त्याहून कमी झालं की डेंग्यूच्या पेशंटचा शॉक सुरू झालाय असं धरायचं. वरचा आकडा पडायची वाट बघितली तर फार उशीर होतो. आणि मी फोनवर फक्त वरचाच आकडा सांगितला होता!

ताई म्हणाल्या, "तू डॉक्टरांना कोडं घातलंस. त्यांनी अर्ध्या झोपेत चुकीचं सोडवलं. कोडं कशाला घालतेस? तुला काय वाटतं ते सांग ना." महिनाभरापूर्वीच आम्हाला एसबारचं ट्रेनिंग दिलं होतं. चहा-बिस्किटं होती, फोटो निघाले होते, चार अक्षरांचं कार्ड खिशात होतं. ते बाहेर काढायचं मात्र सुचलं नव्हतं.

मग मी पाच मिनिटं घेतली. ही पाच मिनिटं मुद्दाम सांगतेय, कारण फोन करण्याआधी पेशंटजवळ जाऊन आकडे गोळा करायचे असतात. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, 26 भरले. (जाता जाता, कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघडा, प्रत्येकाचा श्वास 20 लिहिलेला सापडेल. अख्ख्या महाराष्ट्राचा श्वास वीस! कोणी मोजतच नाही.) नख दाबून सोडलं, रंग परत यायला चार सेकंद लागले. दोनच्या आत यायला हवा. रात्री आठपासूनची लघवी मोजली, 90 मिली, रंग चहासारखा. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीसएक मिली तरी व्हायला हवी, म्हणजे सहा तासांत 180. त्याची निम्मीच होती. सगळं हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं आणि दुसऱ्यांदा फोन लावला.

"सर, मेडिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बारा नंबरचा डेंग्यूचा पेशंट शॉकमध्ये चाललाय असं मला वाटतं, म्हणून परत फोन केला. वय 28, वजन 60 किलो, तापाचा पाचवा दिवस, संध्याकाळी सहाला ताप उतरलाय. दाखल होताना हेमॅटोक्रिट 39 होतं. दहा वाजता नाडी 92, बीपी 110/70. आत्ता नाडी 118, बीपी 100/82, अंतर फक्त अठरा. श्वास 26. हातपाय गार, पोटात दुखतंय, दोन उलट्या, सहा तासांत लघवी 90 मिली. शुद्धीवर आहे, पण चुळबुळ करतोय. रक्तातलं पाणी झिरपतंय असं माझं मत आहे. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. येईपर्यंत हेमॅटोक्रिटचं सॅम्पल काढते. आरएल सलाइन सुरू करू का, आणि कुठल्या वेगाने?"

एवढं बोलायला एक मिनिटही लागत नाही, घरी घड्याळ लावून बघा. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "500 मिली एका तासात लावा. मी निघालो." मी म्हटलं, "आरएल 500 मिली, एका तासात. बरोबर?" "बरोबर." फोनवरची ऑर्डर अशी परत म्हणून दाखवायची, वेळेसकट लिहायची आणि डॉक्टर आले की सही घ्यायची. पन्नास आणि पाचशे यांत झोपेच्या भरात फार फरक वाटत नाही.

आठ-दहा मिनिटांत डॉक्टर आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. त्यांनी हात धरला, पोट तपासलं आणि काही न बोलता सलाइनचा वेग स्वतः पाहिला. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते सांगणारा आकडा, 49 आलं. दूध आटलं की दाट होतं ना, तसं पाणी निघून गेलं की रक्त दाट होतं. 39 चं 49, म्हणजे पावपट वाढ. तासाभराने बीपी 108/74, नाडी 104, हात कोमट. मग सलाइनचा वेग टप्प्याटप्प्याने कमी केला, कारण या आजारात पाणी जास्त झालं तर ते पुढे छातीत साठतं. तो मुलगा काही दिवसांनी चालत घरी गेला. बायकोने पेढे आणले, आणि पहिला प्रश्न विचारला, प्लेटलेट किती झाल्या?

आता माझ्या दोन फोनांमधला फरक बघा. आकडे दुसऱ्या फोनमध्ये जास्त होते, हे खरं. पण आमच्या मुलींचं गाडं खरं अडतं ते शेवटच्या दोन अक्षरांवर. काय झालंय आणि काय होतं, हे सगळ्या सांगतात. मला काय वाटतंय म्हणताना जीभ अडखळते. मला काय हवंय हे तर राहूनच जातं. निदान करणारी मी कोण, डॉक्टरांना या म्हणणारी मी कोण, असं आम्हाला शिकवलेलं असतं. कोणी शब्दांत शिकवत नाही, पण राउंडला डॉक्टरांच्या मागे दोन पावलं चालून ते अंगात मुरतं. नेमका आजार कळला नसेल तरी हरकत नाही. "काय आहे ते कळत नाही, पण पेशंट बिघडतोय आणि मला काळजी वाटतेय" हेही ए या अक्षराचं चालणारं उत्तर आहे. फक्त त्याच्यामागे आर हवा. आत्ता या. किंवा अर्ध्या तासात या. "बघता का" हा आर नाही.

आणि सगळं नीट सांगूनही डॉक्टर आले नाहीत तर? तर केसपेपरवर फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर लिहायचं, आणि त्यांच्या वरच्या डॉक्टरांना फोन लावायचा. तेव्हाही तीच चार अक्षरं. एसबारने झोप उडते, पण एका डॉक्टरवर दोन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी टाकलेली असेल तर कार्ड छापून दुसरा डॉक्टर निर्माण होत नाही. हे ट्रेनिंगवाल्यांना सांगून मी थकले.

त्या डॉक्टरांनी मला कधी सॉरी म्हटलं नाही, मीही वाट पाहिली नाही. पण पुढे दोन वर्षं ते आमच्याकडे होते. माझा रात्री फोन गेला की नमस्कार-चमत्कार नाही. जडशीळ आवाजात एवढंच यायचं, "सिस्टर, शेवटचं अक्षर आधी सांगा. चप्पल घालू का?"