30 ग्रॅमचा हिसका

[अटल सेतू, सकाळची वेळ. कॅमेरा गाडीच्या आत, स्टिअरिंगवर.]

शिवडीहून अटल सेतूवर चढलेली ही एक साधी हॅचबॅक. काटा 60 वर आहे तोवर काही तक्रार नाही. 75 ओलांडलं की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, 85 च्या आसपास ते चांगलंच नाचतं आणि 100 ला पुन्हा थोडं शांत होतं. मालक म्हणतात, "रोज दादर ते अंधेरी गाडी नेतो, कधी जाणवलं नाही." कसं जाणवणार? त्या रस्त्यावर ऑफिसच्या वेळेला 40 च्या वर जायला मिळालं तरी नशीब.

[गॅरेज. गाडी जॅकवर, पुढचं डावं चाक काढलं जातंय.]

मुंबईतल्या बहुतेक गॅरेजांत "अलाइनमेंट-बॅलन्सिंग" हा एकच शब्द असल्यासारखा बोलला जातो. पण दुखणी दोन आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बघायची. ती सरळ चालते पण ठरावीक वेगाला थरथरते, तेव्हा संशय आधी बॅलन्सिंगवर जातो. थरथर हातात येत असेल तर पुढची चाकं, सीटमध्ये किंवा पायाखाली येत असेल तर बहुधा मागची.

टायर आणि रिम कितीही नीट बनवले तरी वस्तुमान सगळीकडे अगदी सारखं पसरत नाही. कुठे रबर जरा जाड असतं, कुठे आतले थर एकमेकांवर चढलेले असतात, व्हॉल्व्हचं वजन तर एकाच जागी असतं. समजा, या 14 इंची रिमच्या कडेला एका जागी 30 ग्रॅम जास्त आहेत. चाक फिरतं तेव्हा तो जड भाग अॅक्सलला सतत आपल्या बाजूला बाहेर ओढतो. ताशी 40 ला ही ओढ पाऊण किलो वजनाइतकी असते, म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ही ओढ वेगाच्या वर्गानुसार वाढते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते, त्यामुळे 80 ला तीन किलोच्या वर आणि 100 ला पाच किलोच्या जवळ जाते.

[स्लो मोशन: फिरणारं चाक, एका जागी खडूची खूण.]

ही खूण बघा. ताशी 80 ला चाक सेकंदाला साधारण 12 फेऱ्या मारतं, म्हणजे तो जोर सेकंदाला 12 वेळा वर, पुढे, खाली, मागे असा फिरतो. चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची हलण्याची लयही साधारण 10 ते 15 च्या टप्प्यातच असते. दोन लयी जुळल्या की थरथर भडकते. म्हणून 85 ला ती सगळ्यात जास्त होती. 100 ला जोर वाढला होता, पण लय सुटली, म्हणून हाताला कमी लागलं. काही लोक यावरून "जोरात चालवली की बरी चालते" असा निष्कर्ष काढतात. बेअरिंगचं मत वेगळं आहे.

आता खरी गंमत. चाक नुसतं मोकळं टांगून ठेवलं तर जड भाग आपोआप खाली येतो. त्याच्या समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावलं की चाक कुठेही थांबतं. हे झालं स्टॅटिक बॅलन्सिंग. पण चाकाला रुंदी आहे. आतल्या कडेला वरच्या बाजूस 25 ग्रॅम जास्त आणि बाहेरच्या कडेला खालच्या बाजूस तेवढेच जास्त असतील, तर टांगलेलं चाक अगदी शहाण्यासारखं उभं राहतं. फिरवलं की आतली कड एकीकडे आणि बाहेरची कड बरोबर उलट दिशेला ओढली जाते. दोन्ही जोर सारखे, पण एका रेषेत नाहीत, म्हणून ते चाकाला पिळतात. अर्ध्या फेरीत पीळ उलटतो आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे वळवळतं. हा दोष चाक फिरवल्याशिवाय सापडत नाही. डायनॅमिक बॅलन्सिंग ते यासाठीच.

[मशीन. चाक शाफ्टवर चढतं.]

चाक शाफ्टवर ठेवून ते मध्यावर धरणारा शंकूच्या आकाराचा कोन मागून बसवला, पुढून नट आवळला. गॅरेजच्या मेकॅनिक दादांनी मशीनला तीन मापं दिली: मशीनपासून रिमचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. झाकण लावलं, चाक फिरलं. इथला वेग रस्त्यापेक्षा बराच कमी असतो. शाफ्टला दोन ठिकाणी सेन्सर आहेत. प्रत्येक फेरीत कुठे, किती धक्का बसला हे त्यांच्याकडून कळतं आणि दोन्ही कडांना किती वजन हवं याचा हिशेब मशीन वेगवेगळा मांडते.

[क्लोज-अप: डिस्प्ले.]

आतल्या कडेला 30, बाहेर 25. चाक हाताने हळू फिरवलं. आतल्या बाजूचे सगळे दिवे लागले तिथे थांबवलं. आता रिमचा अगदी वरचा बिंदू ही वजनाची जागा. रिम लोखंडी असल्यामुळे क्लिपचं वजन हातोडीने ठोकून बसवलं. बाहेरची जागा मात्र वेगळीच निघाली, जवळजवळ समोरची. पुन्हा फिरवलं: आत 5, बाहेर 0. "पाच चालतील का?" मालकांनी विचारलं. दादांनी उत्तर न देता आतलं वजन चिमट्याने जरासं सरकवलं. 0 आणि 0.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि चांगलं गॅरेज इथेच ओळखू येतं. त्यांनी नट सैल केला, चाक शाफ्टवर अर्धी फेरी फिरवून पुन्हा आवळलं आणि परत चालवलं. आकडा शून्यच राहिला. 15-20 आला असता तर चाक कोनवर मध्यावर बसलेलं नाही आणि आधीचं शून्य फसवं होतं, असं कळलं असतं.

[दुसरं चाक. रिमच्या आत वाळलेला चिखल.]

उजव्या चाकाला आत 55 दाखवलं. दादांनी वजन उचललंच नाही. पावसाळ्यातला चिखल रिमच्या आत वाळून बसला होता, तो खरवडला आणि जुनी वजनंही काढून टाकली. आता 10. चिखलासकट बॅलन्स केलं असतं, तर ढेकूळ गळून पडल्या दिवशी तीच वजनं दोष ठरली असती.

मागच्या एका चाकाने मात्र वेगळाच प्रश्न काढला. वजनं लावून 0-0 आलं, पण फिरताना रिमची कड वरखाली होत होती. खड्ड्यात आपटून रिम चेपली होती. वजनाने वस्तुमान सारखं करता येतं, आकार गोल करता येत नाही. असं चाक मशीनवर पास होऊनही रस्त्यावर दर फेरीला गाडी उचलतं. त्यावर उपाय म्हणजे रिम बदलणं. तोवर त्या जागी स्टेपनी लागली.

[अलॉय व्हीलचा क्लोज-अप.]

अलॉयवर क्लिप ठोकत नाहीत, आतून चिकटपट्टीची वजनं लावतात. बाहेरून दिसू नयेत म्हणून दोन्ही रांगा आतच घेतल्या, तर त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि तोच पीळ मोडायला जास्त ग्रॅम लागतात. लावण्याआधी रिम पुसून कोरडी केली नाही तर पावसात पट्टी सुटते. ताजं बॅलन्सिंग केलेली गाडी अचानक थरथरायला लागली, तर आधी रिमच्या आत टॉर्च मारून बघा. धुळीत एखादा स्वच्छ, चौकोनी डाग दिसला, तर वजन तिथूनच पडलंय.