नाव इंटरनॅशनल, माणसं दोन

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बोलायचा विषय होता ‘कंपनीचं नाव कसं वाचावं’. पण सुरू करण्याआधीच चिठ्ठी आली: “नावात इंटरनॅशनल किंवा ग्लोबल असलेली कंपनी दोन-तीन माणसांची कशी असू शकते? ही फसवणूक नाही का?” अध्यक्षमहाराज, पाच मिनिटांत उत्तर देतो आणि मूळ विषयाकडे येतो. (हशा.) हसू नका, प्रयत्न तरी करतो.

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनात असणार. ती इथे मला पटत नाही. त्या म्हणीत सोनुबाईने नाव स्वतः घेतलेलं नसतं, बारशाला कुणीतरी ठेवलेलं असतं. कंपनीचं तसं नाही. कंपनी जन्मायच्या आधीच मालक फॉर्म भरतो, आणि त्या घटकेला कंपनीकडे ना गिऱ्हाईक असतं, ना माल, ना बँकेत खातं. म्हणजे नावात जे येतं ती मालकाची इच्छा असते. कंपनीचा आकार मोजायला अजून काही नसतंच.

मी हे अनुभवाने सांगतो. आम्ही दोघा मित्रांनी एक कंपनी काढली होती. आम्हाला हवं असलेलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. दुसरा पर्यायही गेलेला. मित्र वैतागून म्हणाला, “अरे, शेवटी इंटरनॅशनल लाव ना, कुणाचं काय जातंय?” लावलं. नाव मंजूर झालं. लेटरहेड छापलं, आणि एवढं लांब नाव एका ओळीत मावेना म्हणून अक्षरं बारीक केली. ‘इंटरनॅशनल’ सगळ्यात बारीक. (हशा.)

वर्षभराने बँकेकडून पत्र आलं. आपण कोणकोणत्या देशांत व्यवहार करता त्याची यादी द्यावी. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘एकाही नाही’. आठवड्याने दुसरं पत्र: मग नावात इंटरनॅशनल का, याचा खुलासा करावा. आता काय खुलासा करणार? ‘आधीची दोन नावं मिळाली नाहीत’ असं लिहिलं. बँकेने ते फाइलला लावून घेतलं आणि खातं सुरू ठेवलं. पण तीन आठवडे आमचा एक धनादेश अडकला, त्याचा राग अजून आहे. ज्या शब्दाने आम्हाला एक गिऱ्हाईक मिळवून दिलं नाही, त्याने कागदपत्रं मात्र वाढवून ठेवली.

तर नोंदणी कार्यालय काय बघतं? मुख्यतः दोन गोष्टी. हे नाव दुसऱ्या कुणाच्या नावासारखं आहे का, आणि यात परवानगी लागणारा शब्द आहे का. ‘बँक’ किंवा ‘विमा’ असे शब्द सहसा परवानगीशिवाय मिळत नाहीत, कारण त्यावर विसंबून लोक पैसे देतात. ‘इंटरनॅशनल’चं काय करायचं याबद्दल मात्र सरकारांचंच मन बदलत आलेलं आहे.

ब्रिटनचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे पूर्वी हा शब्द परवानगीच्या यादीत होता. नावाच्या सुरुवातीला हवा असेल तर धंद्याचा मोठा भाग परदेशी व्यापाराचा आहे हे दाखवायचं. शेवटी हवा असेल तर निदान दोन परदेशांत काम चालतं हे दाखवायचं. नीट बघा, ही अट कठोर असली तरी ती ‘कुठे’ एवढंच विचारते, ‘किती’ हे विचारतच नाही. दोन माणसांची कंपनी तीत आरामात बसायची. 31 जानेवारी 2015 पासून हा शब्द त्या यादीतून काढला. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. तोवर दोन नावं सारखी आहेत का हे तपासताना ‘इंटरनॅशनल’ शब्द गाळूनच बघत. आता तो मोजायला लागले. म्हणजे शब्दाला पुरावा लागेना, आणि नुसता जोडला तरी नाव वेगळं ठरायला लागलं. आमच्या मित्राची युक्ती कायद्यात बसली म्हणा ना! (टाळ्या.)

भारतात जुन्या काळी परिपत्रकाने वेगळा उपाय केला होता: नावाचा पहिलाच शब्द ‘इंटरनॅशनल’ असेल तर अधिकृत भांडवल निदान 1 कोटी रुपये दाखवा, शब्द मधे कुठे असेल तर 50 लाख. ऐकायला भारदस्त वाटतं. पण अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते त्याची मर्यादा. तेवढे पैसे कुणी भरलेले असतात असं नाही, नोंदणीची फी मात्र त्या आकड्यावर जाते. भरलेलं भांडवल वेगळं, आणि ते अगदी थोडं असू शकतं.

आता खरोखर इंटरनॅशनल पण लहान कंपनी कशी असते ते बघा. दोन माणसं, एक खोली. एका देशातल्या कारखान्याकडून माल घ्यायचा, दुसऱ्या देशातल्या खरेदीदाराला विकायचा. माल बंदरातून परस्पर जातो, यांच्या दारातही येत नाही. यांच्याकडे कागद असतात: बीजक, जहाजाची बिल्टी, बँकेचं पतपत्र. प्रत्येक रुपया परदेशातला, आणि पगारपत्रकावर दोनच नावं. यांना खोटं कोण म्हणेल? उलटही घडतं. मोठ्या कारखान्याचं नाव साधं असतं आणि त्याने निर्यातीसाठी काढलेल्या चार माणसांच्या उपकंपनीच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असतं. तिथे तो शब्द म्हणजे खात्याची पाटी.

आणि हो, आयबीएम. 1911 मध्ये तीन-चार कंपन्या एकत्र होऊन ती झाली, तेव्हाचं नाव होतं कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग. वजनकाटे, हजेरीची घड्याळं, पंचकार्डांची यंत्रं असा माल. 1924 मध्ये इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स झालं. तेव्हा घरी ही बातमी ऐकून कंपनीच्या प्रमुखाच्या मुलाला ‘एवढ्याशा कंपनीला एवढं नाव?’ असं वाटलं होतं, हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. पुढे कंपनी त्या नावाएवढी मोठी झाली. बरेच जण तशाच आशेवर नाव ठेवतात, बहुतेकांचं पुढे काही होत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, मूळ विषय, भराभर.

बीजकावरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक उतरवून घ्या. ब्रँड नको, कारण करार क्रमांकवाल्या कंपनीशी होतो. तो क्रमांक सरकारी नोंदवहीत शोधा. ब्रिटनची नोंदवही फुकट बघता येते. ताळेबंदात सरासरी कर्मचारी आणि निव्वळ मालमत्ता बघा. सगळ्यात छोट्या कंपन्यांना संक्षिप्त हिशेब दाखल करायची सवलत असते, म्हणून हिशेबाचा प्रकारही आकार सांगतो. युरोपीय संघाची ‘सूक्ष्म उद्योगा’ची व्याख्या: 10 पेक्षा कमी माणसं, आणि उलाढाल किंवा ताळेबंद 20 लाख युरोपर्यंत. देश किती, हा प्रश्नच त्यात नाही. पण तीच व्याख्या मालकही तपासते; पाच माणसांची कंपनी मोठ्या समूहाची निघाली तर ती सूक्ष्म धरत नाहीत. म्हणून शेअर कुणाकडे आहेत तेही बघा.

मागून कुणीतरी विचारतंय, आमच्या कंपनीचं काय झालं? नाव बदललं. नव्या नावात ‘इंटरनॅशनल’ नाही. आता एका परदेशी गिऱ्हाइकाला माल जातो, आणि बँकेने अजून काही विचारलेलं नाही.