लग्नघरातलं हसणं : रिवाज कुठे संपतो, रस कुठे सुरू होतो

नमस्कार, श्रोतेहो.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, पंगती, वरात. या दोन दिवसांत वीस-पंचविशीतली मुलंमुली एका छताखाली वावरतात. त्यातल्या एखाद्याला कुणीतरी आवडतं आणि मग मनात एकच प्रश्न घोळायला लागतो: समोरच्यालाही माझ्यात रस आहे, की ही व्यक्ती सगळ्यांशीच असं वागते? विचारायचं तर आजूबाजूला आत्या, मावश्या, काकू, मामा. मग माणूस अंदाज बांधत बसतो. हा अंदाज कशावरून बांधावा आणि कशावरून बांधू नये, याबद्दल आज बोलायचं आहे.

लग्नघरात वागण्याचा बराचसा भाग ठरवून दिलेला असतो. दारात अत्तर लावणारी, गुलाबपाणी शिंपडणारी मुलगी हसते, कारण येणाऱ्याचं स्वागत करायचं काम तिच्याकडे आहे. पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, कारण मुलीकडच्यांनी आग्रह केला नाही तर ते बोलण्याचा विषय होतो. नवऱ्यामुलाचे बूट पळवले की मेव्हण्या भांडणार, चिडवणार, पैशांवरून घासाघीस करणार. त्या थट्टेला रिवाजाचीच परवानगी आहे. मुलांचंही तसंच. वरपक्षातला मुलगा धावत जाऊन पाण्याची बाटली आणून देतो, रात्री उशिरा गाडीने सोडायला येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला त्याच्या काकांनी पिटाळलेलं असतं. म्हणून पहिली गोष्ट ही करावी: जे काम म्हणून, रिवाज म्हणून झालं असतंच, ते हिशेबातून वजा करावं. तिने आग्रह केला तो फक्त तुम्हाला, की तुमच्या शेजारच्या आजोबांनाही? हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

हे मी एवढं ठासून का सांगते आहे? अँटोनिया ॲबी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी असलेले एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी पाच मिनिटं गप्पा मारत, आणि दुसरा एक विद्यार्थी नि विद्यार्थिनी त्यांना न दिसता ते पाहत. संभाषण एकच, पण पाहणाऱ्या आणि बोलणाऱ्या दोन्ही पुरुषांना त्या मुलीच्या मोकळेपणात मुलींपेक्षा जास्त लैंगिक आकर्षण दिसलं. तिथे तर आग्रहाचा रिवाज नव्हता, बूट पळवणं नव्हतं. आपल्या लग्नघरात मोकळं वागणं हेच मुलीचं कर्तव्य असतं, म्हणजे चुकायला कितीतरी जास्त वाव.

मग उरतं काय? एक उदाहरण सांगते. आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवऱ्यामुलाचा मामेभाऊ आणि नवरीची चुलत बहीण, या दोघांकडे माझं लक्ष गेलं. मुहूर्ताच्या वेळी तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. अक्षता टाकताना ती आईशेजारी उभी होती, नजर सरळ अंतरपाटावर. जेवताना तिने त्याला वाढलं, तेही पंगतीतल्या इतरांना वाढावं तसंच. एवढं पाहून कुणीही म्हणालं असतं, काही नाही.

पण जेवणं उरकल्यावर कार्यालयात एक सैल वेळ येते. नवरी साडी बदलायला जाते, मोठी माणसं खुर्च्या ओढून पेंगतात, बायका रुखवताभोवती जमतात. त्या वेळी तिचं काम होतं ओटीच्या पिशव्या भरायचं, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. ते सोडून ती इकडे आली आणि त्याला विचारलं, "मग कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं का?" आदल्या रात्री हळदीच्या गप्पांत तो हरिश्चंद्रगडाबद्दल सगळ्यांना सांगत होता, तेव्हा जेवायची हाक आली आणि गोष्ट अर्धी राहिली होती. तिने ती लक्षात ठेवली होती. त्याने उत्तर दिलं, तरी ती गेली नाही. पावसाळ्यात वाट किती निसरडी असते, हे विचारलं. मग बसलीच.

इथे तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही कामाबाहेरच्या. काम नसताना ती आली. अर्धं राहिलेलं बोलणं तिने आपणहून पुढे नेलं. उत्तर मिळाल्यावर निघून जाता आलं असतं, तरी ती थांबली. गर्दीत नजरेपेक्षा याला वजन आहे. नजर सगळे टिपतात, त्यामुळे जिला खरंच रस आहे ती ती आवरून धरते. आणि हो, या तिन्हींचा अर्थ इतकाच, की तिला आणखी बोलायला आवडेल. त्यापुढचं काही त्यातून वाचू नये.

नातेवाईक नुसते पाहत असते तरी चाललं असतं. ते मधे पडतात. एखादी काकू मोठ्याने म्हणते, "जोडी शोभते हं!" आणि सगळे हसतात. त्या क्षणापासून दोघांच्याही वागण्यावरून काहीच कळत नाही. मुलगी गप्प झाली तर ती लाजली असेल, चिडली असेल, किंवा आईने डोळे वटारले असतील. ती हसली तर चारचौघांत काकूंचा मान राखला असेल. असं चिडवणं झालं की त्या दिवसापुरते अंदाज बांधणं सोडून द्यावं. काकूंना मात्र माझी कळकळीची विनंती आहे: तुमच्या कौतुकाने मुलीची कोंडी होते. नकार द्यायचा झाला तर तो तिला आता दोन्ही घरांसमोर द्यावा लागतो.

नकारही लग्नघरात स्पष्ट शब्दांत येत नाही, कारण पाहुण्याशी तुटक वागता येत नाही. उत्तरं एका शब्दाची होतात. प्रश्न उलट येत नाही. तुम्ही आलात की ती धाकट्या बहिणीला हाक मारून जवळ बसवून घेते, नाहीतर "आई बोलावतेय" म्हणून उठते. एकदा झालं तर खरंच आईने बोलावलं असेल. पुन्हा झालं तर मागे फिरावं. तिसऱ्यांदा खात्री करून घ्यायला जाऊ नये.

आणि रस आहे असं वाटलं तर? त्या मामेभावाने जे केलं ते मला फार पटलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा नंबर आयताच होता. त्याने तो उचलला नाही. निघताना चपला घालता घालता इतकंच म्हणाला, "गडाचे फोटो आहेत माझ्याकडे. माझा नंबर वहिनीकडे आहे, वाटलं तर मेसेज करा." नंबर मागितला असता तर सगळ्यांदेखत हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. दिल्यामुळे ठरवायचं तिच्या हाती राहिलं, तेही घरी जाऊन, निवांत. वहिनीनेही ही गोष्ट स्वतःपाशीच ठेवली, सासूबाईंच्याही कानावर घातली नाही. काही दिवसांनी मेसेज आला, फोटो गेले, बोलणं सुरू झालं.

मेसेज आला नसता, तर तेच उत्तर होतं. मग वहिनीला "नंबर दिलास ना?" म्हणून खोदून विचारायचं नाही, ग्रुपमधून नंबर काढून "हाय" पाठवायचं नाही. पुढे कुणाच्या बारशाला, मुंजीला ती भेटलीच, तर इतर पाहुण्यांशी बोलावं तसंच तिच्याशीही बोलायचं, आणि गडाच्या फोटोंचा विषय आपण काढायचा नाही.