तेन त्यक्तेन: एका शब्दाचे दोन अर्थ

नमस्कार मंडळी. पाऊस जोरात आहे, त्यामुळे सुरुवात देवघरातूनच करतो. आषाढात आपल्या गोव्यात चंदनाचं खोडसुद्धा कुबट वास मारतं, बघितलंय ना? दमट हवेने वरून ओशट होतं. पण सहाणेवर चार वेळा उगाळलं की तो वास जातो आणि चंदनाचा स्वतःचा वास वर येतो, बाहेरून काही अत्तर लावावं लागत नाही.

हा दाखला माझा नाही हं, शंकराचार्यांचा आहे. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रावर त्यांनी दिलाय. मंत्र बहुतेकांना पाठ असतो: ईशावास्यमिदं सर्वं यत्किञ्च जगत्यां जगत्, तेन त्यक्तेन भुञ्जीथा मा गृधः कस्यस्विद्धनम्. शुक्ल यजुर्वेदाच्या संहितेतला शेवटचा म्हणजे 40वा अध्याय म्हणजे हे उपनिषद, काण्व पाठात 18 मंत्र. आता यात ‘ईशा’ ही तृतीया आहे, मूळ शब्द ईश्, म्हणून ‘ईशाने’, आणि ‘वास्यम्’ म्हणजे झाकायचं. जगात जे जे हलतंय बदलतंय ते सगळं ईशाने झाकून टाकायचं. झाकायचं म्हणजे वर चादर घालायची असं नाही, तर मी करतो, मी भोगतो हा जो कुबटपणा वरून चिकटलाय तो उगाळून घालवायचा, आत जे आहे ते आपोआप दरवळतं.

इथपर्यंत ठीक, खरी गंमत ‘तेन त्यक्तेन’ला आहे, आणि ती मला पुस्तकात नाही, आजोळी कळली. माझं आजोळ कवळे मठाचं, म्हणजे स्मार्त, अद्वैतवाले. मावशी दिली पर्तगाळी मठाच्या घरात, म्हणजे वैष्णव, मध्वाचार्यांचे. दोघांच्या घरी मंत्र तोच, अर्थ मात्र वेगळा निघायचा.

त्यक्त म्हणजे सरळ व्याकरणाने ‘टाकलेलं’. शंकराचार्य विचारतात, टाकलेली वस्तू तुमचं रक्षण कसं करणार? टाकलेला किंवा मेलेला मुलगा, नोकर, त्याचा तुमच्याशी संबंधच उरला नाही तर तो तुम्हाला सांभाळेल कसा? म्हणून त्यक्तेन म्हणजे इथे ‘त्यागाने’ घ्यायचं, आणि भुञ्जीथाः म्हणजे पालयेथाः, स्वतःला सांभाळ. पुत्र, वित्त आणि लोक या तिन्हींची हाव सोडलेल्या माणसाला हे सांगितलंय, थोडक्यात संन्याशाला. ज्याला ते झेपत नाही त्याच्यासाठी पुढचाच मंत्र आहे, कर्म करत करत शंभर वर्षं जगायची इच्छा धर म्हणून.

फक्त एक खडा लागतो दाताखाली. पाणिनीचं सूत्र आहे, भुजोऽनवने, म्हणजे रक्षण सोडून बाकी अर्थी भुज् धातू आत्मनेपदी चालतो. आणि भुञ्जीथाः हे आत्मनेपदीच रूप आहे! मग सरळ अर्थ ‘सांभाळ’ नाही, ‘भोग घे, खा’ असाच होतो. वेदातलं रूप आहे, सूट असते, असं म्हणून सावरता येतं, पण मला ते थोडं ओढूनताणून वाटतं.

मध्वाचार्य दुसऱ्या वाटेने जातात. त्यांच्याकडे ईशावास्य म्हणजे ईशाला राहायला योग्य असं जग, आणि तेन म्हणजे त्या ईशाने, त्यक्तेन म्हणजे सोडलेलं, दिलेलं. त्याने तुला जे दिलंय तेवढ्यावर भोग घे. इथे भुञ्जीथाः निमूट आपल्या जागी बसतं. पण मग त्याग माणसाचा राहत नाही, देवाचा होतो, आणि शंकरमतवाल्याला तेच खटकणार.

मावशीकडे चवथीला माटोळी बांधायचे. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आणि मधोमध पिकायला आलेला चिबूड. तिसऱ्या दिवशी त्याचा वास घरभर, आणि मी खाली बसून वर बघत. मागितला तर मावशी म्हणायची, तो आता आपला नाही रे, देवाला दिलाय. विसर्जन झाल्यावर माटोळी उतरवायची, गूळ घालून चिबडाच्या फोडी वाटायची आणि तेव्हा म्हणायची, देवान दिलां तें खा. तोच चिबूड, आमच्याच परसातला! आम्ही सोडला म्हणून त्यक्त की त्याने परत दिला म्हणून त्यक्त, हे आजतागायत मला सांगता आलेलं नाही.

आणि शेवटच्या तुकड्यातही अशीच फोड आहे बघा. मा गृधः कस्यस्विद्धनम् एका दमात म्हटलं तर ‘कुणाच्याही धनाची हाव धरू नकोस’. मा गृधः म्हणून जरा थांबलात तर ‘हाव धरू नकोस, धन आहे कुणाचं?’ शंकराचार्य दोन्ही अर्थ देतात. आज संध्याकाळी दिवा लावताना दोन्ही तऱ्हेने म्हणून बघा, कुठे श्वास घेता त्यावर सगळं आहे. येतो, नमस्कार.