चोर फोनमध्ये की टॉवरवर?

नमस्कार श्रोतेहो.

फोनवर आवाज नीट येईनासा झाला की आपण खिडकीकडे धावतो आणि जाता जाता कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. कधी ती बोटं योग्य ठिकाणी मोडलेली असतात, कधी चोर सोडून संन्याशाला फाशी होते. चोर आपल्या फोनमध्ये आहे की बाहेर नेटवर्कमध्ये, हे अर्ध्या तासात घरच्या घरी कळतं. लागतात दोन फोन, दोन सिम कार्डं आणि सिमचा कप्पा उघडायची पिन. पिन हरवली असेल, आणि ती हरवलेलीच असते, तर यू-पिन सरळ करून घ्या. फक्त ती कुठं खुपसताय ते बघा. बऱ्याच फोनमध्ये माइकचं छिद्रही तसंच बारीक असतं. त्यात पिन घातलीत तर नसलेला बिघाड तयार कराल.

आता मामांची गोष्ट सांगतो.

आमच्या मामांचा फोन आला की त्यांचा आवाज रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखा यायचा. मामा म्हणायचे, "नेटवर्क भिकार आहे." कंपनीकडे तीनदा तक्रार करून झाली. तिन्ही वेळा सांगण्यात आलं, फोन बंद करून चालू करा. तेही झालं, पण पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी मामांनी कंपनी बदलायचं ठरवलं. मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबा, मी येतो."

गेलो तर मामांनी आपला पुरावा तयारच ठेवला होता. "हे बघ, माझ्या फोनवरून बोललं की आवाज घोगरा. मामीच्या फोनवरून बोललं की स्वच्छ. मामीची कंपनी वेगळी आहे. आता बोल!"

श्रोतेहो, इथंच बहुतेक जण फसतात. मामांनी एका दमात दोन गोष्टी बदलल्या होत्या. फोनही वेगळा आणि सिमही वेगळं. मग आवाज सुधारला तो कशामुळं, हे कळणार कसं? म्हणून नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुन्हा सांगतो, एका वेळी एकच गोष्ट.

मी माझ्या बहिणीला फोन लावून कामाला लावलं. तिला सांगितलं, तुझा फोन बदलू नकोस, बसल्या जागेवरून उठू नकोस. आम्ही चार वेळा फोन करू, प्रत्येक वेळी मामा एक ते वीस आकडे म्हणतील, तू फक्त आवाज कसा आहे ते लिहून ठेव. कोणता फोन, कोणतं सिम, हे तिला मुद्दाम सांगितलं नाही. माणसाला माहीत असलं की त्याला तसंच ऐकू येतं. मामांनाही खुर्चीवरून हलू दिलं नाही, कारण दोन पावलांवर, भिंतीआड गेलं तरी सिग्नल बदलतो.

दोन्ही फोन बंद केले, सिमांची अदलाबदल केली, फोन चालू केले आणि कंपनीचं नाव दिसेपर्यंत थांबलो. आता मामांच्या फोनमध्ये मामींचं सिम. बहीण म्हणाली, "रजई." मामींच्या फोनमध्ये मामांचं सिम. बहीण म्हणाली, "स्वच्छ." मामांचा चेहरा उतरला. पण एवढ्यात माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. मामींच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू होतं! म्हणजे तो फोन टॉवरकडे गेलाच नव्हता, घरच्या इंटरनेटवरून बोलत होता. परीक्षा बाद. दोन्ही फोनचं वायफाय बंद केलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. मामी म्हणाल्या, "तू डॉक्टर झाला असतास तर रोगी टेस्ट करण्यातच गेले असते." निकाल मात्र तोच आला. बिघाड सिमबरोबर गेला नाही, फोनबरोबर राहिला.

तरी मामा हार मानेनात. "मग गॅलरीत उभा राहून बोललो की आवाज चांगला कसा जातो? तिथं रेंज आहे म्हणूनच ना?" मला दोन मिनिटं काही सुचेना. मग म्हटलं, उभे राहून दाखवा. मामा गॅलरीत गेले, फोन कानापासून लांब धरला आणि स्पीकर चालू केला! मामा गॅलरीत स्पीकरवरच बोलतात, सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. (चार माणसांत स्पीकरवर बोलणाऱ्यांबद्दल माझी मतं या केंद्रावरून सांगता येण्यासारखी नाहीत.) तर फोनला एकापेक्षा जास्त माइक असतात. कानाला लावून बोलताना मुख्यतः खालचा माइक काम करतो, स्पीकरवर बऱ्याच फोनमध्ये वरचा. गॅलरीत रेंज सुधारत नव्हती, माइक बदलत होता.

मी फोनचं कव्हर काढलं. कव्हरच्या तळाचं छिद्र माइकच्या छिद्रासमोर नव्हतंच, दाणाभर बाजूला होतं. कव्हर काढून फोन केला. बहीण म्हणाली, "स्वच्छ." मामा कव्हराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे वाढदिवसाला तूच दिलंस ना रे?"

असो. आता निकाल कसा वाचायचा, ते थोडक्यात. बिघाड फोनबरोबर फिरला तर दोष हँडसेटचा. सिमबरोबर फिरला तर दोष कंपनीकडचा किंवा त्या कार्डाचा. त्याच कंपनीचं दुसरं सिम त्याच जागी, त्याच फोनमध्ये चांगलं चाललं, तर कार्ड बदलून घ्या. चारही वेळा आवाज खराब आला, तर जागा बदलून पाहा आणि समोरच्यालाही दुसऱ्या फोनवर बोलायला सांगा. आणि एकाच जोडीत बिघडला, बाकी तिन्हींत चांगला, असं झालं तर त्या फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमसाठी VoLTE, म्हणजे 4G वरून बोलायची सोय, चालू आहे का बघा. काही फोनना एखाद्या कंपनीची ती सोय किंवा तिच्या रेडिओ लहरींचा पट्टा पकडताच येत नाही. तिथं फोनही चांगला, सिमही चांगलं, पण दोघांचं जमत नाही.

सिग्नलच्या दांड्यांवर मात्र जाऊ नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनानं ठरवतो. दोन फोनच्या दांड्यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या परीक्षकांनी दिलेले गुण.

कानालाही ओळखता येतं. आवाज सतत दबका येतो, पण शब्द पूर्ण कळतात, तर आधी माइक, कव्हर, धूळ बघा. शब्द मधूनच गिळले जातात, आवाज यंत्रातून आल्यासारखा तुटतो, तर संशय नेटवर्कवर. संशय म्हणतोय मी, निकाल अदलाबदलीनंतरच.

सिम काढण्याआधी एक बघून घ्या. सिमशी बांधलेली बँकेची ॲप्स परत ओळख पटवायला सांगू शकतात, तेव्हा ऐन कामाच्या वेळी हा उद्योग करू नका. ई-सिम असेल तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही. तेव्हा काढता येणारं दुसरं सिम कोणाकडून तरी मागून घ्या.

वेळ संपत आली, तरी एक राहिलंच. बोलताना आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल, तर तुमचं सिम, तुमचा फोन, काहीच काढू नका. बहुतेक वेळा समोरच्याच्या फोनमधून तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरत असतो. त्याला सांगा, स्पीकर बंद कर. आमच्या मामांना हे रोज सांगावं लागतं.

नमस्कार.