जेवण दुपारी एकला, पहिली उलटी किती वाजता?

लग्नाचं जेवण झालं आणि घरातल्या दोघाचौघांना उलट्या-जुलाब सुरू झाले, की आपण म्हणतो, "जेवण बाधलं." असे रुग्ण आले की मी काय खाल्लं हे नंतर विचारतो. आधी विचारतो, जेवलात किती वाजता आणि पहिली उलटी किती वाजता झाली? या दोन वेळांमधलं अंतर पुष्कळ काही सांगून जातं.

समजा, जेवण दुपारी एकला झालं. चारच्या सुमारास एकाला मळमळ, मग जोराच्या उलट्या. पाचपर्यंत आणखी सात-आठ जण तसेच. पोटात मुरडा आहे, थोडे पातळ जुलाब आहेत, ताप जवळजवळ नाही. चौकशी केली तर हे सगळे दुधाचा एकच गोड पदार्थ खाल्लेले निघतात. तो न खाल्लेले त्याच पंगतीतले लोक ठणठणीत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक जण उठून बसतात.

इतक्या लवकर त्रास होतो, कारण जंतूंना पोटात जाऊन वाढायची गरजच पडलेली नसते. त्यांचं विष पदार्थात आधीच तयार होतं. स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू पुष्कळांच्या नाकात आणि त्वचेवर असतो, हातावरच्या पिकलेल्या जखमेत तर हमखास. तो हाताळताना पदार्थात उतरतो आणि पदार्थ तासन्‌तास कोमट राहिला की वाढतो. साधारण अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत त्याचा परिणाम दिसतो. शिजवून बाहेर तसाच राहिलेला भातही बॅसिलस सिरियस या जिवाणूमुळे असाच घात करतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पदार्थ पुन्हा उकळला की जिवाणू मरतात, पण ही विषं उकळूनही टिकतात. म्हणून "गरम करून खाल्लं होतं हो" हे ऐकून मी निश्चिंत होत नाही.

आता दुसरं चित्र पाहा. तेच जेवण, पण त्या संध्याकाळी कुणालाच काही नाही. दुसऱ्या दिवशी रात्री एकाला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, अंग दुखतंय, थोडा ताप. तिसऱ्या दिवशी घरातल्या ज्या लहान मुलीला लग्नाला नेलंच नव्हतं, तीही आजारी. ही मुलगी फार महत्त्वाची साक्षीदार आहे! तिने ते जेवण खाल्लेलंच नाही. म्हणजे आजार माणसाकडून माणसाकडे गेला. इथे बहुधा नोरोव्हायरस असतो. तो आतड्याच्या पेशींत वाढतो, म्हणून त्याला 12 ते 48 तास लागतात. आजार बहुतेकांचा एक ते तीन दिवसांत उतरतो.

पण ही विभागणी पूर्ण काटेकोर नाही. आजारी माणसाने हात नीट न धुता वाढप केलं, तर हाच विषाणू जेवणातूनही शंभर जणांच्या पोटात जाईल. उलट, लग्नाच्या आधीच्या प्रवासात लागण झाली असेल तर उलटी लग्नानंतर होईल आणि आळ बिचाऱ्या आचाऱ्यावर येईल. शिवाय रात्रीचं जेवण आणि सकाळी पोटात कळा, जुलाब, पण उलटी जवळजवळ नाही, असं असेल तर मोठ्या पातेल्यात सावकाश थंड झालेल्या मांसावर किंवा रश्श्यावर मला संशय येतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढतात. वेळ, लक्षणं आणि कोण कोण आजारी पडलं, हे तिन्ही एकत्र पाहिल्यावरच अंदाज बांधता येतो.

उपचार मात्र या सगळ्यांत जवळपास सारखाच आहे: शरीरातून गेलेलं पाणी आणि मीठ परत देणं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने द्या, गटागट नको. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. विषाणूवर आणि तयार विषावर ते काहीच करत नाही.

जुलाबात रक्त, जास्त ताप, सात-आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोटही टिकत नाही किंवा मूल मलूल पडलंय, असं काही दिसलं तर घरी थांबू नका. एकाच्या दोन वस्तू दिसणं, गिळता न येणं हे तर तातडीचं. ते बॉट्युलिझम या, अन्नातल्या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं.

घरात विषाणूची शंका असेल तर उलटी पुसणाऱ्याने हातमोजे घालावेत, जागा ब्लीचच्या पाण्याने पुसावी आणि हात साबणाने धुवावेत. नोरोव्हायरसवर नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा नाही. आणि जो बरा झाला त्याने शेवटच्या जुलाबानंतर निदान 48 तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, कारण बरं वाटू लागल्यावरही त्याच्या शौचातून विषाणू बाहेर पडतच असतो.