सोन्याचा भाव वाढला, पॉलिसीतला आकडा मात्र तोच राहिला

नमस्कार. मी चोरी आणि नुकसानीचे क्लेम तपासते, म्हणजे विमा कंपनीकडून जो सर्व्हेयर घरी येतो ना, ते काम. आज मी फक्त एकाच गोष्टीवर बोलणार आहे. दागिन्यांच्या पॉलिसीत जो आकडा लिहिलेला असतो, सम इन्शुअर्ड, तो सोन्याच्या भावामागे पडला की क्लेमच्या वेळी नेमकं काय होतं. कारण बहुतेकांना वाटतं की आकडा कमी असला तर फार तर सगळंच गेलं तर थोडं कमी मिळेल, छोट्या चोरीत काय फरक पडतो. पडतो, आणि छोट्याच चोरीत लोकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो.

2024 च्या सुरुवातीला सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव औंसाला साधारण 2,000 डॉलरच्या आसपास होता, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तो 4,000 च्या वर गेला. हा ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. पावणेदोन वर्षांत जवळपास दुप्पट. आता ज्यांनी त्याच्याही आधी पॉलिसी काढली आणि दरवर्षी फक्त रिन्यू केली, म्हणजे मेसेज आला, पैसे भरले, झालं, त्यांच्या पॉलिसीतला आकडा जुन्या भावाचाच आहे. दागिने तेवढेच, वजन तेवढंच, पण किंमत बदलली आणि ती कागदावर कोणी बदललीच नाही.

आता एक केस सांगते. नावं नाहीत, आकडे सोपे करून घेतलेत, चलन तुम्हाला हवं ते धरा. एका कुटुंबाकडे एकूण 200 ग्रॅम सोनं, सगळं 22 कॅरेट. पॉलिसी काढली तेव्हा 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 100 होता, म्हणून त्यांनी 20,000 चा विमा घेतला. तेव्हा हे अगदी बरोबर होतं. चार वर्षांनी घर फोडलं गेलं. कपाटातल्या बाकी वस्तू चोराच्या हाती लागल्या नाहीत, फक्त दोन जाड बांगड्या गेल्या, मिळून 40 ग्रॅम. त्या दिवशीचा भाव होता 180. म्हणजे नुकसान 7,200.

कुटुंबाचा हिशोब सरळ होता, विमा 20,000 चा आहे, नुकसान 7,200 चं आहे, म्हणजे मर्यादेच्या आत आहे, पूर्ण मिळणार. मी त्यांना 4,000 चा आकडा सांगितला तेव्हा घरातल्या आजी एकदम गप्प झाल्या, आणि त्यांचा मुलगा म्हणाला की मॅडम तुम्ही कुठेतरी चुकताय. मी चुकले नव्हते. ते पॉलिसीतलं ॲव्हरेजचं कलम होतं, ज्याला प्रमाणशीर भरपाई म्हणता येईल. त्याचं म्हणणं असं की नुकसानीच्या दिवशी त्या यादीतल्या सगळ्या दागिन्यांची किंमत किती होती ते काढा, विम्याचा आकडा त्याच्या किती टक्के आहे ते बघा, आणि नुकसानीचे तेवढेच टक्के द्या. इथे 200 ग्रॅम गुणिले 180 म्हणजे 36,000 ची मालमत्ता, विमा 20,000 चा. म्हणून 7,200 गुणिले 20,000 भागिले 36,000, उत्तर बरोबर 4,000.

आता हा 4,000 नीट बघा. 40 ग्रॅम गुणिले 100. जुना भाव! म्हणजे सगळं सोनं एकाच भावाने वाढलं असेल तर ॲव्हरेजचं कलम तुम्हाला नेमकं जुन्या भावाने पैसे देतं, ग्रॅमला 100, भलेही बाजारात 180 चालू असेल. कलमामागचा विचार असा की तुम्ही 36,000 च्या वस्तूवर 20,000 च्या विम्याचाच प्रीमियम भरलात, म्हणजे उरलेल्या भागाचे विमादार तुम्ही स्वतः, मग नुकसानीतला तेवढा वाटाही तुमचाच. हे पटवून घ्यायला जड जातं, पण गणित असं आहे. त्यात त्या पॉलिसीत प्रत्येक क्लेमला 200 चा एक्सेस होता, म्हणजे ती रक्कम आपल्या खिशातून, तर हातात आले 3,800. नव्या भावाने त्यात 21 ग्रॅम सोनं येतं, घडणावळ वेगळीच. दोन बांगड्या गेल्या आणि जेमतेम एक परत आली.

सगळ्याच पॉलिसी अशा कडक नसतात हे इथे सांगायला हवं. काही पॉलिसींमध्ये थोडी तूट, म्हणजे समजा 15 टक्क्यांपर्यंत, माफ असते. काहींत प्रत्येक दागिना वेगळा लिहिलेला असतो आणि ॲव्हरेज त्या त्या दागिन्यापुरतं लागतं. आणि काही ॲग्रीड व्हॅल्यूच्या असतात, म्हणजे किंमत आधीच दोघांनी मान्य केलेली, वस्तू पूर्ण गेली की त्या किमतीवर वाद नाही, कपात नाही. लोकांना वाटतं ॲग्रीड व्हॅल्यू म्हणजे प्रश्नच मिटला. नाही हो, तिथेही आकडा जुना असेल तर जुनाच मिळतो, फक्त वाद न घालता मिळतो. म्हणून पॉलिसी हातात आली की पहिल्यांदा हे शोधा की नुकसानीची किंमत ती कशी ठरवते, त्या दिवशीच्या बाजारभावाने, मान्य केलेल्या किमतीने, की कंपनी स्वतःच सोनाराकडून तसाच दागिना करून देते. तिसऱ्या प्रकारात आपण रोख मागितली तर काही ठिकाणी कंपनीला सोनाराकडे जी सवलत मिळते ती वजा करून रक्कम देतात, ते आधी माहीत असलेलं बरं.

मग आकडा किती ठेवायचा? इथे बहुतेकांची गाडी वजनात अडकते, म्हणून जरा थांबते. माझ्याकडे एक हार आला होता, म्हणजे त्याचा फोटो आणि बिल. कुटुंबाने लिहिलं होतं 48 ग्रॅम, आणि 48 ला शुद्ध सोन्याच्या भावाने गुणून किंमत लावली होती. बिल बघितलं तर 48 ग्रॅम हे ग्रॉस वजन, त्यात खडे आणि आत भरलेली लाख मिळून 9 ग्रॅम. निव्वळ सोनं 39. त्यावर 916 चा शिक्का, म्हणजे 22 कॅरेट, 91.6 टक्के शुद्ध. 39 चे 91.6 टक्के म्हणजे 35.7 ग्रॅम शुद्ध सोनं. क्लेममध्ये सोन्याचे पैसे या 35.7 चे लागतात, 48 चे नाही. म्हणजे ते लोक वर्षानुवर्षं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगवलेल्या आकड्यावर प्रीमियम भरत होते आणि मिळणार काहीच जास्त नव्हतं, कारण बाजारभावाच्या पॉलिसीत नुकसानीपेक्षा जास्त कोणी देत नाही. खडे मौल्यवान असतील तर त्यांची ओळ वेगळी लिहायची, व्हॅल्युअरच्या सर्टिफिकेटसकट. पण कमी लिहायची चूक जास्त महाग पडते, हे वरच्या केसमध्ये बघितलंच.

घडणावळीचं काय, असं कोणीतरी विचारलं मघाशी. ते पॉलिसीवर आहे. पॉलिसी नवा दागिना करून घेण्याचा खर्च देत असेल तर घडणावळ आणि कर धरून आकडा लावा, फक्त धातूची किंमत देत असेल तर धरू नका, कारण ॲव्हरेज काढतानाही तीच पद्धत वापरली जाते. आपल्या केसमध्ये समजा घडणावळ 12 टक्के आणि पॉलिसी ती देते. 36,000 वर 12 टक्के म्हणजे 4,320, झाले 40,320. हा आजचा आकडा. पण पॉलिसी वर्षभर चालणार, आणि भाव वर्षभर जागेवर बसणार नाही. म्हणून मी वर थोडी जागा ठेवायला सांगते, समजा 20 टक्के, म्हणजे साधारण 48,400. भाव वाढला नाही तर त्या जादा भागाचा प्रीमियम गेला, एवढंच. काही कंपन्या एस्कलेशनचं कलम देतात, त्यात आकडा दिवसागणिक वाढत जातो, वर्षाचे 20 टक्के ठरवले असतील तर सहाव्या महिन्याच्या शेवटी 10 टक्के वाढलेला असतो. तेही चालतं, पण भाव एकदम उसळला तर ते मागे पडतं. अशा वेळी रिन्यूअलची वाट बघू नका, मध्येच एंडॉर्समेंट करून आकडा वाढवता येतो, उरलेल्या दिवसांचा प्रीमियम भरून. मी स्वतः घरच्या पॉलिसीचा आकडा भाव 10 टक्क्यांनी हलला की तपासते, त्याला दहा मिनिटं लागतात.

क्लेम आला की मी काय बघते ते थोडक्यात. पोलीस तक्रार, घर फोडल्याच्या खुणा (बऱ्याच पॉलिसींना त्या लागतातच), बिलं, व्हॅल्युएशन, आणि गेलेला दागिना तुमच्याकडे होता याचा पुरावा. तिथे घरच्या कार्यक्रमाचे फोटो खूप कामाला येतात, तारखेसकट, दागिना अंगावर. बांगडी तराजूवर ठेवलेली, आकडा दिसतोय, असा एक फोटो काढून ठेवलात तर माझं अर्धं काम झालं. आणि हो, मी गेलेल्याच नाही तर राहिलेल्या दागिन्यांचंही वजन विचारते. लोकांना वाटतं ही काय चौकशी, चोरीला गेलंय ते बघा ना. पण 36,000 काढायला मला उरलेले 160 ग्रॅम लागतात, त्याशिवाय प्रमाण निघत नाही.

शेवटी एक प्रश्न आला होता की कंपनीने पैसे द्यायला सहा महिने लावले आणि तोवर भाव आणखी वाढला तर. बाजारभावाच्या पॉलिसीत साधारणपणे नुकसानीच्या दिवसाचा भाव धरतात, चेकच्या दिवसाचा नाही. म्हणून कागद उशिरा दिले तर नुकसान आपलंच, सर्व्हेयरने मागितलेलं लगेच द्या आणि दिल्याची पोच घ्या.

आणि त्या कुटुंबाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. क्लेम दिल्यावर विम्याचा आकडा तेवढ्याने खाली येतो, पुन्हा भरून घेतला नाही तर. 3,800 मिळाले, म्हणून त्यांचे 20,000 चे 16,200 झाले होते, आणि घरात 160 ग्रॅम सोनं, म्हणजे 28,800 चं. प्रमाण काढा, 16,200 भागिले 28,800, पुन्हा जवळपास तेच, 56 टक्के! म्हणजे दुसऱ्यांदा चोरी झाली असती तर पुन्हा जवळपास जुन्याच भावाने पैसे मिळाले असते. त्यांच्या मुलाने त्याच आठवड्यात सगळे दागिने वजन करून, प्रत्येकाचं निव्वळ वजन आणि कॅरेट लिहून यादी केली आणि आकडा वाढवून घेतला. यादी मला पाठवली होती. आजींच्या कानातल्या कुड्यासुद्धा होत्या त्यात, प्रत्येकी 3.2 ग्रॅम, आणि शेजारी पेनाने लिहिलं होतं, मोती वगळून.